कोटेशन, बिल, पावती: नक्की कधी काय द्यायचं आणि मराठीत काय म्हणायचं?

रॅकवाली: आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, जीएसटी नंबर आहे. गावातल्याच एका ऑफिसने 10 रॅक मागितले, 4,500 चा रेट मी फोनवरच सांगितला, ते म्हणाले "बिल पाठवा, अ‍ॅडव्हान्स टाकतो". मी 28 मार्चला पक्कं बिल पाठवलं, 45,000 वर 18 टक्के म्हणजे 8,100, एकूण 53,100. 20,000 आले, बिल जीएसटी रिटर्नमध्येही गेलं. आता म्हणतात 8च द्या, आणि माल तर अजून आमच्याकडेच पडलाय. चुकलं कुठे? आणि बिलबुक मराठीत छापायचंय तर या सगळ्यांना शब्द काय?

जुना मुनीम: ताई, चूक 'बिल' या शब्दाने केलीय. गिऱ्हाईक पैसे सुटावेत म्हणून जो कागद मागतं त्याला ते बिलच म्हणतं, पण त्याला हवं असतं कोटेशन नाहीतर परफॉर्मा. कोटेशन म्हणजे दरपत्रक, या भावाने देईन एवढंच, त्यावर 'हा दर 15 दिवस लागू' लिहायचं, नाहीतर पत्रा महागल्यावर सहा महिन्यांनी तोच कागद दाखवतात. परफॉर्मा दिसतो बिलासारखा पण तो ना विक्रीत धरायचा ना रिटर्नमध्ये, आणि त्याला बिलाच्या ओळीतला नंबर द्यायचा नाही. पक्कं बिल माल गाडीत चढताना, तीन प्रती, मूळ गिऱ्हाइकाला, दुसरी गाडीबरोबर, तिसरी आपल्याकडे.

कोकणी पोरगा: पण अ‍ॅडव्हान्स घेतला की जीएसटी लगेच भरावाच लागतो ना? मग बिल केलं ते बरोबरच की!

जुना मुनीम: अर्धं बरोबर आहे. तुम्ही सर्व्हिसवाले असाल तर हो. मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर नोव्हेंबर 2017 पासून तेव्हाच भरावा लागत नाही, उलाढालीवर ठोक दराने टॅक्स भरणाऱ्या कंपोझिशनवाल्यांचा हिशोब वेगळा. आणि भरावा लागला तरी तेव्हा द्यायची ती पावती, बिल नव्हे. ताईंनी 20,000 ची पावती द्यायची, त्यावर 'रॅकच्या ऑर्डरपोटी आगाऊ', तारीख, कुठल्या बँकेतून आले, झालं.

शब्दवेडी: 'पावती' हा शब्द स्वतःच सगळं सांगतो बघा! पावणे म्हणजे मिळणे, 'रुपये अमुक भरून पावले' असं जुन्या कागदांवर असायचंच, नवस पावतो तेच क्रियापद. म्हणजे पावती देणारा तो ज्याला पैसे मिळाले. बिलात उलट, पैसे यायचेत म्हणून मागणी. आपण दुकानात "पावती द्या" म्हणून बिलच मागतो तिथे गोंधळ सुरू होतो. बिलबुकवर 'बीजक' छापा, छान शब्द आहे.

कोकणी पोरगा: बीजक कोण म्हणतं हो आता? सरकारी ऑफिसात देयक म्हणतात.

पापडवाल्या काकू: माझे घरगुती पापड दुकानांना जातात, नंबर घेतलेला नाही, मीपण 18 टक्के लावू का बिलात? एक दुकानदार म्हणतो जीएसटीचं बिल द्या.

जुना मुनीम: काकू, नंबर नाही तर टॅक्स घ्यायचाच नाही, साधं बिल द्या, भाव, नग, एकूण. आणि पापडावर तसाही जीएसटी नाहीच, दुकानदाराला तसं सांगा.

ट्रान्सपोर्टवाला: एक राहिलं, पोच. माल उतरला की चलनाच्या प्रतीवर वॉचमन सही करतो, ती पोच, म्हणजे माल पोचला. आमच्या एका पार्टीचा क्लार्क म्हणाला "पावतीवर सही आहे, पैसे दिलेत की"! वॉचमनची सही दाखवत होता. तेव्हापासून चलनावर मोठ्या अक्षरात 'फक्त माल मिळाला' छापतो.

रॅकवाली: 😄 हे लिहून ठेवते. पण माझ्या 53,100 चं काय करू?

जुना मुनीम: दोन रॅकची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद. 9,000 आणि त्यावर 1,620, म्हणजे 10,620. बिल उरलं 42,480 चं, 20,000 आलेत, 22,480 यायचेत. मूळ बिल फाडायचं नाही की खोडायचं नाही, नंबराची ओळ तुटते.

शब्दवेडी: आमचे सीए म्हणतील मालच हलला नाही तर सगळ्या बिलाची क्रेडिट नोट करा आणि माल निघेल त्या तारखेला 8 चं नवीन बिल करा. मार्चचं बिल आणि माल एप्रिलमध्ये, हे समोरच्याला पण जड जातं, माल हातात आल्याशिवाय त्याला त्या जीएसटीची वजावट, म्हणजे क्रेडिट, घेता येत नाही.

जुना मुनीम: तेही चालेल, कदाचित जास्त स्वच्छ. मी छोटा रस्ता सांगितला.

कोकणी पोरगा: आणि पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प?

जुना मुनीम: 5,000 च्या वर एक रुपयाचा.

कोकणी पोरगा: बँकेने आले तरी? आमच्याकडे कोणीच लावत नाही.

ट्रान्सपोर्टवाला: आम्ही फक्त रोखीला लावतो.

रॅकवाली: उद्या सीएंना फोन करते. आणि बिलबुकवर 'बिल'च छापतेय, सॉरी शब्दवेडी ताई, पण पावतीपुस्तक वेगळं करतेय आणि त्यावर 'भरून पावले' नक्की टाकणार.