काळ्या केसांवरून प्लॅटिनम ब्लाँड: दोन ब्लीचमध्ये किती अंतर ठेवू? मदत हवी आहे

सांजवेळ:
माझे केस मुळात जवळजवळ काळे, खांद्याच्या खाली येणारे. मुळांकडचा वीतभर भाग कधीच रंगवलेला नाही, त्याखाली मात्र घरी लावलेल्या काळ्या डायचे जुने थर आहेत. पहिलं ब्लीच 20 व्हॉल्यूमने झालं. वरचा भाग छान सोनेरी आला, खालचा विटकरी-नारिंगी. पार्लरमधल्या ताई म्हणतात, दोन आठवड्यांनी या, पुन्हा पूर्ण डोक्याला लावू.

मला ते पटत नाहीये. ओला केस ताणला तर मधला भाग ताणून परत जागेवर येतो, पण शेवटची तीन बोटं ताणलेलीच राहतात. अजून किती वेळा ब्लीच लागेल, मध्ये किती थांबू, आणि केस पुढचं झेपवतील हे आधी कसं कळेल?

उनाडवारा:
चार आठवडे थांब, दर आठवड्याला प्रोटीन मास्क लाव, तेवढ्यात केस भरून येतात. तोवर जांभळा शांपू वापर, नारिंगी जाईल.

केसरंगी:
पार्लरमध्ये रंगाचंच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

थांबायचा सल्ला बरोबर आहे, कारण मात्र चुकलं. डोक्याबाहेर आलेला केस भरून येत नाही. थांबल्याने टाळूला विश्रांती मिळते आणि केसांची खरी अवस्था दिसते. ब्लीचनंतर लावलेल्या कंडिशनरचा मुलामा काही धुण्यांत उतरतो, तेव्हा कुठे तुटतंय ते कळतं. म्हणून दोन आठवडे फार कमी, मी पाच-सहा ठेवते. आणि जांभळा रंग पिवळेपणा मारतो. नारिंगीला निळा लागतो, पण केस उजळ दोन्हींनी होत नाहीत.

आता तपासणी. मानेजवळून, माथ्यावरून आणि कपाळाच्या कडेचा असा एकेक केस घे. ओल्या केसाचा 10 सेंटिमीटरचा तुकडा हळूच 12-13 पर्यंत ताणून सोड. परत 10 वर आला तर पुढे जाता येईल. लांबलेलाच राहिला, किंवा बोटांना चिकट, रबरासारखा लागला, तर त्या भागाला ब्लीच नाही. तुझी टोकं तिथेच आहेत. न ताणताच कट्कन तुटला तरी नाहीच, आणि अशा कडक केसांवर दर आठवड्याला प्रोटीन मारलं तर ते आणखी ठिसूळ होतात.

पूर्ण डोक्याला पुन्हा लावू देऊ नकोस. पुढच्या वेळी फक्त नारिंगी पट्टा, सोनेरी भाग आणि टोकं सोडून. तो सोनेरीपर्यंत आला की त्यानंतरच्या खेपेला सगळं एकत्र फिकट पिवळ्यावर न्यायचं, केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतकं. टोनर त्यानंतर. नारिंगीवर प्लॅटिनमचा टोनर लावला तर राखाडी-मळकट दिसतं.

त्या खेपेपर्यंत मुळं दोन-तीन सेंटिमीटर वाढलेली असतील, त्यांना ब्लीच सगळ्यात शेवटी. टाळूच्या उबेने तिथे ते भराभर चढतं. नंतरच्या टचअपलाही पाच-सहा आठवड्यांपेक्षा जास्त थांबलीस, तर उबेपासून लांब गेलेला भाग कमी उजळतो आणि मध्ये पिवळा पट्टा राहतो.

मोगरी:
माझे अर्धे केस पांढरे आहेत, बाकीच्यांवर मेंदी. म्हणजे मला एकाच वेळेत होईल ना?

केसरंगी:
पांढऱ्यांना फारसं ब्लीच लागणार नाही, अडचण मेंदीची आहे. तयार मेंदीत कधी धातूंचे क्षार असतात. ब्लीच लागताच तो केस तापतो, जळूही शकतो. एक बट कापून वाटीत तपासल्याशिवाय डोक्याला लावू नका.

सांजवेळ:
बट कापून माझ्याही केसांवर पाहू का? आणि टोकं वाचतील का? दोन महिन्यांनी घरात कार्य आहे.

केसरंगी:
नक्की पाहा. मानेकडून आतली, नारिंगी भाग असलेली बारीक बट घे. तेच मिश्रण लाव, दर पाच-सात मिनिटांनी पुसून रंग बघ, पाकिटावरची कमाल वेळ ओलांडू नकोस. धुऊन वाळव, मग ओली करून पुन्हा ताण. केस कुठवर उजळतात आणि त्याची किंमत काय, दोन्ही एकाच बटेत कळतं.

टोकं मी कापते. कार्यापर्यंत प्लॅटिनम होईल असं सांगणार नाही. नारिंगी सोनेरी झालं तर बेज टोनर लावून तिथेच थांब, ते पूर्ण दिसतं.

पाणकळा:
मीही हेच काम करते, पण जुन्या काळ्या डायवर आठ आठवड्यांच्या आत हात लावत नाही. मुळांचा पट्टा नंतर सुधारता येतो, तुटलेला केस नाही.

केसरंगी:
टाळू नाजूक असेल तर मीही आठ म्हणेन. हिचा मधला भाग परत येतोय, म्हणून सहा.

सांजवेळ:
बट उद्याच कापते. ब्लीचमध्ये बाँड वाचवणारं औषध मिसळावं का?

केसरंगी:
मी मिसळते, काहींनी केस थोडे हळू उजळतात. बटेचे दोन भाग कर, एकावर औषधासह, एकावर त्याशिवाय. दोन्ही ताणून इथे लिही.