मदत हवी आहे: खरेदी थांबवलेल्या ग्राहकांना ईमेल कसे लिहावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. कराडजवळ आमचा लाकडी घाणा असून शेंगदाणा तेल आम्ही आमच्या संकेतस्थळावरून प्रामुख्याने पुणे आणि मुंबईच्या ग्राहकांना कुरियरने पाठवतो. पाच लिटरच्या डब्याची किंमत १८०० रुपये आहे आणि कुरियरचा खर्च ग्राहक वेगळा देतात. पूर्वी नियमित तेल घेणारे पुष्कळ ग्राहक गेल्या वर्षभरात हळूहळू थांबले. त्यांपैकी सुमारे ६४० जणांचे ईमेल पत्ते आमच्याकडे आहेत आणि ते सर्व त्यांनी स्वतः मागणी नोंदवताना दिलेले आहेत.

त्यांना एक ईमेल पाठवावे, असा विचार आहे. मी तयार केलेला मसुदा असा आहे: विषय, 'आम्हाला तुमची आठवण येते!' आणि मजकूर, 'आपण बऱ्याच दिवसांत तेल मागवले नाही. आपल्यासाठी खास २० टक्के सूट. आजच मागवा.' हे योग्य आहे का? नसल्यास नेमके काय लिहावे आणि कोणती सवलत द्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिखटमीठ

माझ्या मते २० टक्क्यांनी कोणी हलणार नाही, ३० टक्के द्या आणि 'फक्त तीन दिवस' असे ठळक लिहा. आमच्या लोणच्यांच्या व्यवसायात मुदत घातल्याशिवाय मागणी येत नाही. ईमेल पाठवण्यासाठी वेगळी सेवा घेण्याचीही गरज नाही. नेहमीच्या जीमेलवरून सर्वांचे पत्ते बीसीसीमध्ये टाकून एकदम पाठवा.

आकडेमोड

मुदत असावी, हे तिखटमीठ यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण मुदत नसलेली सवलत 'नंतर बघू' म्हणून राहून जाते. बाकी दोन्ही सूचनांना मात्र माझा विरोध आहे. मी काही वर्षे किराणा आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहक-ईमेलचे काम पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कृष्णाकाठ, पाच लिटरच्या डब्यावर शेंगदाणे, मजुरी आणि डब्याचा खर्च वजा जाता तुमच्या हाती किती उरते? लाकडी घाण्याच्या तेलात ही रक्कम फार मोठी नसते. समजा ३२० रुपये उरत असतील, तर २० टक्के सूट म्हणजे ३६० रुपये, म्हणजेच परत येणारा प्रत्येक ग्राहक तुम्हाला ४० रुपयांचा तोटा देऊन जाईल. ३० टक्क्यांवर तो तोटा २२० रुपयांचा होईल. शिवाय सवलतीसाठी आलेला ग्राहक पुढच्या वेळी पुन्हा सवलतीची वाट पाहतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे लोक का थांबले हे तुमच्या मसुद्यात कुठेच दिसत नाही. त्यांना आपली आठवण येते, हे आपल्या बाजूचे कारण झाले. त्यांनी परत यावे असे त्यांच्या बाजूचे कारण कोणते? ते ठाऊक नसेल, तर ईमेल लिहिण्याआधी यादीतील पंधरा-वीस जणांना स्वतः फोन करा. 'परत घ्या' असे म्हणू नका. 'शेवटचा डबा कसा होता आणि पुढे का मागवला नाही?' एवढेच विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

थांबलेला ग्राहक कोणाला म्हणायचे, हेही एकदा ठरवा. दोघांच्या घरात पाच लिटर तेल तीन महिने पुरते, तर सहा जणांच्या घरात महिन्याभरात संपते. त्यामुळे सर्वांना 'सहा महिने' असा एकच नियम लावू नका. प्रत्येकाच्या दोन मागण्यांमधले सरासरी अंतर काढून, त्याच्या दुप्पट काळ उलटला असेल तरच त्याला थांबलेला समजा. एक्सेलमध्ये C रकान्यात पहिल्या मागणीची तारीख, D मध्ये शेवटची आणि E मध्ये एकूण मागण्यांची संख्या असेल, तर हे सूत्र चालेल:

```
=IF(TODAY()-D2>2*(D2-C2)/(E2-1),"थांबले","चालू")
```

ज्यांनी एकदाच मागणी नोंदवली त्यांच्या ओळीत चूक दिसेल, कारण तिथे अंतरच नाही. त्यांची यादी वेगळी करा. ते नियमित ग्राहक कधी नव्हतेच, त्यामुळे त्यांना हे ईमेल लागू पडत नाही.

शेवंता

आमच्याकडेही अगदी असेच झाले आहे. दिवाळीचा फराळ घेऊन गेलेल्या काही ग्राहकांनी पैसेच दिले नाहीत आणि आता ते फोनही उचलत नाहीत. अशांना ईमेलमध्ये नम्रपणे पण ठामपणे कसे लिहावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

आकडेमोड

शेवंताताई, आपला प्रश्न थकलेल्या पैशांचा आहे आणि इथे विषय खरेदी थांबवलेल्या ग्राहकांचा आहे. दोन्ही पत्रांचा सूर अगदी वेगळा असतो, म्हणून आपण स्वतंत्र धागा काढावा, तिथे मी नक्की लिहीन. मात्र एक गोष्ट या धाग्यालाही लागू आहे: ज्यांच्याकडे बाकी आहे किंवा ज्यांची तक्रार अजून मिटलेली नाही, त्यांची नावे या ईमेलच्या यादीतून आधी काढून टाकावीत.

कृष्णाकाठ

आकडेमोड, आपले मनापासून आभार. आपला अंदाज जवळजवळ बरोबर आहे, डब्यामागे सव्वातीनशेच्या आसपास रुपये उरतात. आपण सांगितल्याप्रमाणे मी ग्राहकांना फोन केले आणि जे ऐकायला मिळाले ते मला अपेक्षित नव्हते. किमतीविषयी थोडेच जण बोलले. दोन-तीन जणांचा डबा वाटेत पाझरला होता. मात्र निम्म्याहून अधिक जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली: घरात माणसे दोन किंवा तीन, डबा उघडल्यावर तेल संपायला फार दिवस लागतात आणि शेवटी शेवटी त्याला खवट वास येतो. एक काकू म्हणाल्या, 'तेल चांगलं होतं हो, पण तळाचं लिटरभर दर वेळी दिव्यालाच जायचं.'

दोन लिटरचा डबा आम्ही याच महिन्यात सुरू केला आहे. त्याच्या तोंडाला आतून सील असते आणि घाण्यातून तेल काढल्याची तारीख डब्यावर छापलेली असते. किंमत ७४० रुपये, त्यात साधारण १३० रुपये उरतात. पुण्या-मुंबईला कुरियरचे सुमारे ८० रुपये पडतात.

आकडेमोड

मग ईमेलचा विषय तुमच्या हाती आलाच आहे. परत येण्याचे कारण म्हणजे दोन लिटरचा डबा, आणि सवलत म्हणजे पहिल्या डब्याचे कुरियर मोफत. त्यातूनही तुमच्याकडे ५० रुपये उरतात, आणि किमतीला हात लावलेला नसल्यामुळे पुढची मागणी पूर्ण दराने येते. ज्यांचा डबा पाझरला होता त्यांना हे ईमेल पाठवू नका, त्यांना फोन करून नवा डबा द्या. बाकीच्यांसाठी मी असे लिहीन:

> विषय: आता दोन लिटरचा डबा मिळतो
>
> नमस्कार,
> आपण आमच्याकडून लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल पाच लिटरच्या डब्यात घेत होता. लहान कुटुंबात तेवढे तेल संपेपर्यंत त्याला वास येऊ लागतो, असे अनेक ग्राहकांनी आम्हाला सांगितले. त्यामुळे आम्ही दोन लिटरचा डबा सुरू केला आहे. तेल कोणत्या दिवशी काढले, ती तारीख त्यावर छापलेली असते.
>
> या महिनाअखेरपर्यंत आपल्या पहिल्या दोन लिटरच्या डब्याचे कुरियर आमच्याकडून. किंमत ७४० रुपये. मागणीसाठी या ईमेलला 'हो' एवढेच उत्तर पाठवावे, आपला पत्ता आमच्याकडे आहे. तो बदलला असल्यास नवा पत्ता कळवावा.
>
> आपण मागवणे अन्य कारणाने थांबवले असेल, तर तेही जरूर कळवावे. यापुढे आमचे ईमेल नको असल्यास खालील दुव्यावर टिचकी द्यावी.

खाली तुमचे स्वतःचे नाव घाला, 'ग्राहक सेवा विभाग' असे लिहू नका. छायाचित्र घालायचेच असेल तर डब्याचे एकच घाला, पण सवलतीचा मजकूर चित्रात अडकवू नका, कारण चित्र उघडले नाही तर तो मजकूर दिसतच नाही.

आता बीसीसीविषयी. साध्या जीमेल खात्यावरून एका दिवसात ५०० जणांपर्यंतच ईमेल पाठवता येते. दुसरे असे की फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले असून, 'स्पॅम' म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. रोज पाच हजारांवर ईमेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम तुम्हाला थेट लागू नसले, तरी तक्रारींची ही मर्यादा गूगल सर्वच पाठवणाऱ्यांना लावते. ६४० जणांत दोघांनी तक्रार केली तरी तुम्ही ०.३ च्या वर जाता. म्हणून स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता वापरा, ईमेल खरोखर तुमच्याच पत्त्यावरून आल्याची खात्री पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी ईमेल सेवेकडून नीट लावून घ्या आणि सर्वांत अलीकडे थांबलेल्या शंभर जणांपासून सुरुवात करा. ईमेल परत येण्याचे प्रमाण वाढू लागले, तर तिथेच थांबून यादी तपासा.

तिखटमीठ

बीसीसीचे मान्य आहे, मला ही मर्यादा माहीत नव्हती. पण किती जणांनी ईमेल उघडले, हे तर त्या सेवेत दिसते ना? त्यावरून यश मोजता येईल.

आकडेमोड

त्यावर भिस्त ठेवू नये. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची एक सोय आहे. ती चालू असेल तर वाचकाने ईमेल पाहण्याआधीच त्यातील चित्रे परस्पर उतरवली जातात आणि ते 'उघडले' म्हणून मोजले जाते. मागण्या आणि उत्तरे मोजा.

आणखी एक करा. यादीतील १०० जण कोणताही निकष न लावता बाजूला काढा आणि त्यांना ईमेल पाठवू नका. समजा उरलेल्या ५४० पैकी २७ जण परत आले, म्हणजे ५ टक्के, आणि बाजूला ठेवलेल्या १०० पैकी ३ जण आपण होऊन परत आले. याचा अर्थ ५४० पैकी सोळा जण तसेही आले असते. ईमेलमुळे आलेले अकराच, आणि कुरियरचा खर्च मात्र सत्तावीस जणांवर झाला.

गणिताचामास्तर

तत्त्व मान्य आहे, पण शंभरात तीन हा आकडा निव्वळ योगायोगाने एक किंवा सहाही येऊ शकतो. सहा आला तर तुमच्याच हिशेबाने ईमेलचा उपयोग शून्याखाली दिसेल. एवढ्या लहान यादीत असा निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. त्यापेक्षा सर्वांना ईमेल पाठवून, परत आलेल्यांपैकी किती जण दुसरा डबा पूर्ण कुरियर देऊन घेतात, हे पाहावे.

आकडेमोड

दुसरा डबा मोजण्याची सूचना उत्तम आहे, ती मी माझ्या कामातही वापरीन. तरीही काही जण बाजूला ठेवावेत, या मतावर मी ठाम आहे. अंदाज कच्चा असला, तरी सगळे श्रेय ईमेलला देण्यापेक्षा तो बरा.

कृष्णाकाठ

दोन्ही बाजू समजल्या. मी पन्नास जणांना बाजूला ठेवते आणि दुसऱ्या डब्याची नोंदही ठेवते. पहिले शंभर ईमेल सोमवारी सकाळी पाठवीन.

एक शंका राहिली आहे. किंमत जास्त वाटल्याने थांबलेल्या ग्राहकांना दोन लिटरचा डबा उलट महाग पडतो, कारण त्यात लिटरचा दर दहा रुपयांनी वाढतो. त्यांना हेच ईमेल जाऊ द्यावे की वगळावे? शेंगदाण्याचा भाव पाहता पाच लिटरची किंमत कमी करणे शक्य नाही. कोणी असा प्रसंग हाताळला असल्यास अवश्य लिहावे.