डाएट संपल्यावर भूक का खवळते? (बी विंग ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

स्मिताकाकू: उन्हाळाभर दिवसाला ८०० कॅलरींवर राहून १० किलो उतरवले. आता त्यातले ७ परत आले. जेवून तासभर होत नाही तोच हात भडंगाच्या डब्याकडे जातो. पूर्वी असं नव्हतं.

मोहनकाका: वहिनी, जिभेवर ताबा हवा. बाकी काही नसतं.

डॉ. अर्चना: काका, ताबा नसता तर १० किलो उतरलेच नसते. चरबीच्या पेशी रक्तात लेप्टिन सोडतात, त्यावरून मेंदूला साठ्याचा अंदाज येतो. खाणं एकदम तोडलं की चरबी जितकी घटते, त्याहून लेप्टिन कितीतरी जास्त घसरतं. अंगावर चरबी असूनही मेंदूला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. मग तो भूक वाढवतो आणि खर्चाला कात्री लावतो.

हे लवकर मिटतही नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे कडक डाएटवर ठेवलं होतं, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वजन सरासरी साडेतेरा किलो उतरलं, लेप्टिन जवळपास दोन तृतीयांशाने. वर्षभराने थोडं वजन परत आलं होतं, तरी लेप्टिन सुरुवातीपेक्षा एक तृतीयांशाने कमीच होतं. भूक वाढवणारं ग्रेलिन मात्र चढलेलं, आणि भूकही.

सुनील (३०२): हिशेबात सांगा ना, ताई.

डॉ. अर्चना: अमेरिकेतले केविन हॉल आणि सहकाऱ्यांचा अंदाज असा: उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २०-३० कॅलरींनी घटतो, भूक मात्र १०० नी वाढते. समजा काकूंचं वजन आधी १८०० कॅलरींवर स्थिर होतं. १० किलो उतरल्यावर शरीराला साधारण १५५० पुरतात, पण भूक मागते २८००. ही साडेबाराशेची ओढ रोजची आहे, सणावारापुरती नाही. महिनोन् महिने कोण तोंड बांधून बसेल?

नेहा: लेप्टिनच्या गोळ्या मिळतात ना ऑनलाइन?

डॉ. अर्चना: पैसे घालवू नकोस. लेप्टिन प्रथिन आहे, पोटात पचून जातं. जन्मतःच ते न बनणाऱ्या मुलांना इंजेक्शनने विलक्षण फरक पडतो. पण बहुतेक जाड माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं, मेंदूच दाद देत नाही.

स्मिताकाकू: मग मी करू काय?

डॉ. अर्चना: पुन्हा ८०० वर जाऊ नका. उरलेले ३ किलो खाली ठेवणं, एवढंच सध्या धरा. दोन्ही जेवणांत उसळ, अंडं किंवा पनीर घ्या, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, म्हणजे स्नायू टिकतील. अमराईतल्या फेऱ्या सोडू नका, वजन उतरवण्यापेक्षा उतरलेलं टिकवायला चालणं जास्त कामाला येतं. तरीही भूक आवरेना, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. त्यात कमीपणा नाही.

स्मिताकाकू: हल्ली पंख्याखाली बसवत नाही, हातपाय गार पडतात. तेही यातलंच?

डॉ. अर्चना: कडक डाएटमध्ये तसं होतं खरं, पण तुमचं खाणं आता वाढलंय, तरी थंडी वाजतेय. टीएसएच करून घ्या. थायरॉइड निघालं तर त्याचे उपचार वेगळे.