तळमजल्यावरच्या दुकानाचा काचेचा दरवाजा

ए-२०४: आईला दवाखान्यातून घरी आणलं. दंडाला चार टाके पडले. ती फक्त दुकानासमोरून जात होती. दुकानदार म्हणतो, दाराला कोणी हातही लावला नव्हता, उन्हानं आपोआप फुटलं.

बी-१०१: अरे बाप्पा! काकूंना आराम करू द्या. तुकडे पार्किंगपर्यंत आलेत, लेकरांना अनवाणी सोडू नका.

सेक्रेटरी: सी-३०२ वाले भाऊ, तुम्ही काचेच्या कामातले. असं होतं का?

सी-३०२: हो, टफन काच कोणी धक्का न देताही फुटते. पण नुसत्या उन्हानं नाही. नागपूरच्या ४५ अंशांच्या कितीतरी पट तापमानाचा फरक ती सोसते. बनवताना तिला ६०० अंशांवर तापवून हवेनं झटकन थंड करतात. म्हणून पृष्ठभाग दाबाखाली, आतला भाग ताणाखाली राहतो. तो ताण कुठून तरी सुटला की अख्खं पान एकदम विखुरतं.

याची कारणं मुख्यतः दोन. एक, काचेत राहिलेला निकेल सल्फाइडचा बारीक कण. तो वर्षानुवर्षं हळूहळू फुगतो. दुसरं, काठाला बसलेली जखम. तीही लगेच फोडत नाही, महिन्यांनी फोडते.

ए-२०४: मग आपल्याकडे कोणतं?

सी-३०२: दुकानात जाऊन पाहून आलो. १२ मिमीची, चौकट नसलेली काच, वर-खाली काच धरणारे धातूचे पॅच, खाली जमिनीत दार हळू बंद करणारी फ्लोअर स्प्रिंग. दुकानाइतकीच जुनी, म्हणजे नऊ वर्षं. दुकानातला पोरगा म्हणाला, वर्षभरापासून दार धाडकन बंद होत होतं आणि खाली घासत होतं. म्हणजे स्प्रिंगचं तेल गळालं आणि दार खाली बसलं. मिस्त्रीनं पॅचचे स्क्रू कसले, स्प्रिंग तीच ठेवली. त्या वेळचं बिल नाही. आता खालच्या पॅचमध्ये अडकलेले तुकडे बघितले, तर काच आणि धातूमधलं गॅस्केट झिजून गेलंय आणि धातू थेट काचेला टेकलाय. माझा कल काठाच्या जखमेकडे. कणाचं कारण असतं, तर फुटण्याच्या मूळ जागी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसले असते, पण बाकी सगळं झाडून टाकल्यानं खात्रीनं सांगता येत नाही.

बी-१०१: पण टफन काच तर बोथट तुकड्यांत फुटते ना?

सी-३०२: तुकडे बारीक असतात, पण एकमेकांना चिकटून मोठे गठ्ठे पडतात. असं पान ५० किलोंच्या वर जातं. सात फुटांवरून पडलं की कापतंच.

सेक्रेटरी: दुसरं पान अजून उभं आहे.

सी-३०२: तेही तितकंच जुनं, स्प्रिंगही तशीच. आजच उतरवायला सांगा. नवीन बसवताना लॅमिनेटेड घ्या, फुटली तरी मधल्या थराला चिकटून राहते. आणि तुकडे टाकू देऊ नका, पॅचसकट पिशवीत ठेवा, फोटो काढा.

ए-२०४: पिशवी माझ्याकडे आणली. उद्या दवाखान्याचा खर्च मागायला जाताना सोबत नेतो.

सेक्रेटरी: मीही येतो. दुसरं पान उतरवून झालं. खाली काचेचा कोपरा चिरलेला आहे, फोटो पाठवतो.