मूळव्याधीला क्षारसूत्र: भगंदराचा दाखला कशाला देता?

रानवेडा: मावसभावाला डॉक्टरांनी मूळव्याधीचं ऑपरेशन सांगितलंय. मी म्हटलं, क्षारसूत्र कर, म्हणजे आयुर्वेदातला औषधी लेपाचा धागा बांधून घे. आयसीएमआरच्या चाचणीत ते शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरलंय, मग कापाकापी कशाला?

अनुजा_शल्य: हे वाचून राहवलं नाही. १९९१ची ती चाचणी भगंदराची होती, म्हणजे गुदद्वाराशेजारी पडणाऱ्या पू वाहणाऱ्या नळीची. वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११. जखम भरायला मात्र आठ आठवडे, शस्त्रक्रियेत चार. भगंदरात धागा नळीतून ओवून आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि पू वाहता ठेवतो. मूळव्याधीत तो कोंबाच्या मुळाशी बांधतात, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आठवडाभरात कोंब गळतो. काम वेगळं, धोकेही वेगळे. गाठीत कातडी आली तर असह्य वेदना, लघवी अडकणं. कोंब गळताना रक्तस्राव. सगळे कोंब एकदम बांधले आणि मध्ये अस्तर शिल्लक ठेवलं नाही तर गुदद्वार आकसतं.

वैद्य_सोलापूर: म्हणूनच आम्ही कातडीला आधी छेद देतो आणि भूल देऊनच बांधतो. धाग्यावर २१ लेप असतात: ११ थोराच्या चिकाचे, ७ चिक आणि आघाड्याच्या क्षाराचे, ३ चिक-हळदीचे. भोंदू करतात आणि बदनाम आम्ही होतो!

माळरान: भोंदूंचं म्हणाल तर आमच्या तालुक्याच्या गावात 'विना ऑपरेशन मूळव्याध' अशी पाटी आहे. काकांना तिथे कसलंसं इंजेक्शन दिलं. मांस सडलं, पुढे शौचाची वाट पेन्सिलीएवढी उरली. अजून बोटाने रुंद करून घ्यावी लागते.

वैद्य_सोलापूर: ते क्षारसूत्र नव्हे! त्याचा दोष आमच्या माथी मारू नका.

माळरान: पेशंटला कुठे कळतं? पाटीवर 'आयुर्वेदिक'च लिहिलं होतं. तुमची संघटना अशांविरुद्ध तक्रार का करत नाही?

कावेरी_ठाणे: माझ्या सासऱ्यांना वर्षभर मूळव्याध समजून सुरण आणि ताक चालू होतं. निघाला गुदाशयाचा कर्करोग. रक्त पडतंय तर आधी आतून तपासा; पुढचे वाद नंतर घाला.

अनुजा_शल्य: कावेरीताईंचं शंभर टक्के खरं, पन्नाशीपुढे तर नक्कीच. रानवेडा, कोंब शौचानंतर आपोआप आत जातो की ढकलावा लागतो? आपोआप जात असेल तर आधी इसबगोल, भरपूर पाणी, कुंथणं बंद. इसबगोलने रक्त कमी होतं, याला चाचण्यांचा आधार आहे. त्याने भागलं नाही तर आतल्या कोंबांना रबरबँड.

रानवेडा: बोटाने ढकलावा लागतो. बरं, चाचणी भगंदराची हे मान्य. ऑपरेशनच्या वेदनेचं काय?

अनुजा_शल्य: वेदना असते, पहिले आठ-दहा दिवस जास्त. क्षारसूत्रातही असते.

वैद्य_सोलापूर: माझ्या रुग्णांना कमी असते.

अनुजा_शल्य: तुमचे रुग्ण तुम्हीच मोजलेत. दोन्ही गट शेजारी ठेवून मोजलेलं दाखवा, मग बोलू.