ज्येष्ठांच्या क्लबातलं शनिवारचं भाषण: खोट्या नोकऱ्या, अनोळखी नंबर

मेधा:
सर्वांना नमस्कार,
शनिवारी क्लबात मी चाळीस मिनिटं बोलणार आहे. दहा प्रकारच्या फसवणुकी भराभर सांगण्यापेक्षा एकच सविस्तर सांगायचं ठरवलंय, आपल्यातल्याच एका मावशींची. त्यांची परवानगी आहे, नाव घेणार नाही.

त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर +44 च्या, म्हणजे आपल्या इथल्या ब्रिटनच्याच, नंबरावरून मेसेज आला: घरबसल्या काम, दिवसाला 80 ते 200 पौंड. काम काय, तर एका साइटवर हॉटेलांना स्टार द्यायचे, एका फेरीत 40 हॉटेलं. पहिल्या दिवशी खात्यात खरोखर 42 पौंड आले. दुसऱ्या दिवशी 100 भरायला लावले आणि संध्याकाळी 160 परत दिले. इथे मावशींचा विश्वास बसला. तिसऱ्या दिवशी सत्ताविसाव्या हॉटेलाशी शिल्लक लाल झाली, उणे 380. "तुम्हाला स्पेशल टास्क लागलाय, कमिशन तिप्पट. तूट भरा, मग सगळं काढता येईल." त्यांनी भरले. पुढच्या फेरीत उणे 1,250. तेही भरले. मग पैसे काढायला गेल्या तर आधी 900 पौंड 'टॅक्स' भरा म्हणाले. तेव्हा त्यांनी मला फोन केला.

ती तूट कामातून येत नाही, समोरचा माणूस मागे बसून आकडा बदलतो. टेलिग्रामच्या ग्रुपात "मला आज 600 मिळाले" म्हणणारेही त्यांचेच. मावशींचं बँक स्टेटमेंट मी पाहिलं: ते 42 पौंड कुठल्याही कंपनीकडून आलेले नव्हते, एका बाईच्या वैयक्तिक खात्यातून आले होते. शनिवारी हीच ओळ मोठी करून दाखवणार आहे. अजून काय घेऊ?

वसंतकाका:
मेधा, उगाच घाबरवू नकोस कुणाला. ऑक्टोबर 2024 पासून नियम आहे, फसवणूक झाली तर बँक 85,000 पौंडांपर्यंत पैसे परत देते, तेही सहसा कामकाजाच्या पाच दिवसांत. मावशींना अर्ज करायला सांग.

निखिल:
काका, नियम आहे, पण मावशींना तो बहुधा लागू होणार नाही. मी बँकेत याच विभागात आहे, रोज अशी प्रकरणं बघतो. हा नियम इथल्या इथे दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेल्या पैशांसाठी आहे. मेधाताई, त्यांनी पैसे भरले कसे?

मेधा:
त्यांच्याच नावाचं क्रिप्टोचं, म्हणजे डिजिटल चलनाचं, खातं उघडून घेतलं. बँकेतून तिथे, तिथून नाणी 'कंपनी'ने दिलेल्या पत्त्यावर.

निखिल:
म्हणजे बँकेतून निघालेले पैसे त्यांच्या स्वतःच्याच खात्यात गेले. पुढे नाणी पाठवली तो टप्पा नियमात बसत नाही. ही टोळी क्रिप्टोवर अडून बसते याचं हे एक मोठं कारण. तरी बँकेला कळवाच, 159 फिरवला की बहुतेक बँकांशी जोडून देतात. आणि ज्या बाईच्या खात्यातून 42 पौंड आले ती गुन्हेगार असेलच असं नाही. तिलाही "पैसे पुढे पाठवण्याची नोकरी" मिळाली असेल. अशा खातेदाराच्या नावावर फसवणुकीची खूण सहा वर्षांपर्यंत राहू शकते, मग नवं खातं उघडताना फार त्रास होतो. नातवंडांना हे जरूर सांगा.

सुनंदा:
मेधा, माझं थोडं वेगळं आहे. मला महिन्यापूर्वी मेसेज आला, "अंजलीचा नंबर ना?" मी चुकीचा नंबर म्हणून कळवलं. मुलगा फार नम्र आहे, मराठीत लिहितो, रोज गुड मॉर्निंग पाठवतो, आई गेली म्हणाला. काल म्हणाला, काकू, माझ्या कंपनीत घरून करायचं काम आहे. यात पैसे कुठे मागितलेत? आणि मंडळाच्या भजन ग्रुपातही मला न विचारता घातलं होतं, तेही बंद करू का?

मेधा:
सुनंदाताई, पहिल्या दिवशी मावशींकडेही कुणी पैसे मागितले नव्हते. पुढे मागितले तर लक्षात ठेवा: इथे एजन्सीने नोकरी शोधून देण्याचे पैसे घेणं 1973 च्या कायद्याने बंद आहे, अभिनय-मॉडेलिंगसारखे थोडे अपवाद सोडून. त्याला आज काहीही उत्तर देऊ नका, मी आठ वाजता फोन करते. भजन ग्रुपाचं मात्र सोपं आहे: Settings, Privacy, Groups मध्ये "My contacts" ठेवा. मग ओळखीचेच लोक ग्रुपात घालू शकतील, बाकीच्यांचं आमंत्रण येईल.

निखिल:
मराठीत लिहितो म्हणून तो आपला, असं समजू नका. भाषांतर आता फोनवरच होतं.

वसंतकाका:
बरं, नियमाचं मला पूर्ण माहीत नव्हतं. पण तू अनोळखी नंबरचे कॉल गप्प करणारं "Silence unknown callers" लावायला सांगणार असशील तर माझा विरोध. दवाखान्याचा फोन चुकला तर?

मेधा:
काका, व्हॉट्सअ‍ॅपमधलं ते सेटिंग फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलला लागू होतं. दवाखान्याचा साधा फोन वाजणारच, आणि गप्प केलेला कॉलही यादीत दिसतो.

वसंतकाका:
माझी मुलगी परदेशातून व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलते, नंबर सारखा बदलते. मी लावणार नाही. आणि आपल्या दोनशे जणांच्या ग्रुपात सगळ्यांचे नंबर उघडे पडलेत, त्याचं काय? आधी समितीने ते बघावं.

मेधा:
ते समितीच्या पुढच्या बैठकीत घेते. सुनंदाताई, फोन उचला, मीच आहे.