नेतृत्वाच्या निबंधात अबोलपणा बलस्थान म्हणून मांडावा का?

पंचगंगाकाठ:
मी कोल्हापुरातील एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागात पाच वर्षे काम करते आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या जानेवारीच्या फेरीसाठी अर्ज करते आहे. कोणत्या अनुभवांनी तुम्हाला घडवले, तुम्ही इतरांना मोठे होण्यासाठी काय देता आणि तुम्हाला कशा प्रकारचा नेता व्हायचे आहे, हे २५० शब्दांत लिहायचे आहे. मी वर्गात आणि बैठकीत फार कमी बोलते. माझ्या मसुद्याचे पहिले वाक्य ‘मी अंतर्मुख आहे आणि ऐकून घेणे हे माझे बलस्थान आहे’ असे आहे. हे चालेल का?

सडेतोड:
चालणार नाही, आणि त्याचे कारण ती संस्था शिकवते कसे यातच आहे. तिथे व्याख्याने जवळजवळ नसतातच. प्रत्येक तासाला एखाद्या कंपनीचे प्रकरण घेऊन विद्यार्थ्यांनी आपसांत वाद घालायचा असतो आणि अनेक विषयांत निम्म्यापर्यंत गुण वर्गातील सहभागाला असतात. तिथे ‘मी बोलत नाही’ असे पहिल्याच वाक्यात सांगणे म्हणजे स्वतःच्या विरुद्ध साक्ष देणे होय. अबोलपणा हा दोष नाही, हे मला मान्य आहे, पण म्हणून तो गुण होतो असेही नाही. जो मनुष्य बोलत नाही त्याच्या मनात विचार चालू आहे की तो कंटाळला आहे, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे?

गुरुजी सातारा:
मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले. हात वर न करणाऱ्या मुलांच्या वह्या तपासताना अनेकदा असे लक्षात आले की वर्गातील सर्वांत नेमका प्रश्न त्यांच्याच मनात होता. आपल्या पाल्याला बोलण्याची सक्ती करू नये. शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर लगेच हात मोजण्याऐवजी थोडे थांबावे आणि मुलांना आधी दोन ओळी लिहू द्याव्यात, म्हणजे ही मुले आपोआप बोलू लागतात.

पंचगंगाकाठ:
गुरुजी, प्रश्न माझ्या पाल्याचा नसून माझा आहे, आणि वाचणारे शिक्षक नसून प्रवेश समिती आहे. तरीही आधी लिहून मग बोलण्याचे आपण जे सांगितले, ते माझ्या बाबतीत अगदी खरे आहे. मी बैठकीला वही घेऊनच बसते.

छात्र१९:
संशोधन अंतर्मुखांच्या बाजूने आहे, ते सरळ निबंधात घालावे. पिझ्झा घरपोच देणाऱ्या दुकानांच्या व्यवस्थापकांवर २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे आणि त्यात अंतर्मुख व्यवस्थापकांच्या दुकानांना अधिक नफा झाल्याचे दिसले होते.

चार्ल्सकाठ:
छात्र१९, आपण अर्धे सांगितले. ज्या दुकानांतील कर्मचारी स्वतःहून सुधारणा सुचवत होते, तिथे अंतर्मुख व्यवस्थापक सरस ठरले; जिथे कर्मचारी सांगितले तेवढेच काम करत होते, तिथे निकाल उलटा होता आणि बहिर्मुखांचे पारडे जड होते. म्हणजे शांत नेतृत्व चांगले की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. समोरच्या माणसांकडे सांगण्यासारखे काही आहे का आणि ते कोणी वर येऊ देत आहे का, हे पाहावे लागते. शिवाय २५० शब्दांत दुसऱ्याचा अभ्यास मांडायला जागाच नसते. त्या अभ्यासावरून तुम्ही कशा आहात हे कळत नाही.

मी त्या संस्थेतून शिकून बाहेर पडलो आहे, म्हणून सडेतोड यांच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो. पहिल्या वर्षी एका तुकडीत साधारण ९० विद्यार्थी असतात आणि तास ८० मिनिटांचा असतो. प्राध्यापकांचा वेळ वजा केला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही. अनेक तासांत पुष्कळ जण एकदाही बोलत नाहीत, आणि जे दर वेळी बोलतात त्यांच्याबद्दल वर्गात आदर वाढतोच असे नाही. ज्याचे बोलणे आधीच्या दोन वक्त्यांना जोडते किंवा चर्चा अडली आहे ती नेमकी जागा दाखवते, त्याचे बोलणे लक्षात राहते आणि त्यासाठी आधीची चाळीस मिनिटे मन लावून ऐकलेली असावी लागतात. तेव्हा ऐकणे तिथे निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. मात्र ऐकून गप्प राहणे निरुपयोगी आहे, आणि तेवढ्यापुरते सडेतोड बरोबर आहेत.

ताई, मसुद्यातील पहिले वाक्य काढा आणि फाउंड्रीतील एखादा प्रसंग इथे सांगा. तुमच्या ऐकण्यामुळे दुसऱ्या कोणी काही केले असेल, असाच प्रसंग निवडा.

पंचगंगाकाठ:
पंपाच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघत होते. मशिनिंग झाल्यावर आतील पोकळ्या उघड्या पडत आणि शंभरातील नऊ नग बाद होत. दर सोमवारच्या बैठकीत साचे विभाग भट्टी विभागाला दोष देई आणि भट्टी विभाग साचे विभागाला. मी तीन आठवडे काही बोलले नाही, कोण काय म्हणाले ते टिपत राहिले. तेव्हा लक्षात आले की दोन्ही बाजू पहिल्या पाळीबद्दल भांडत होत्या आणि बाद नगांवरचे हीट नंबर, म्हणजे नग कोणत्या वेळी वितळवलेल्या धातूचा आहे ते दाखवणारे क्रमांक, मात्र बहुतेक दुसऱ्या पाळीचे होते. मी चार संध्याकाळी वाळूच्या प्लांटवर जाऊन बसले. तेथील ऑपरेटरने सांगितले की वाळूतील ओल फक्त सकाळी मोजली जाते. संध्याकाळी साच्यांतून परत आलेली वाळू गरम असते, ती कोरडी लागते म्हणून तो हाताच्या अंदाजाने पाणी वाढवतो. ओल जास्त झाली की साच्यात वाफ धरते आणि ती धातूत अडकते. पुढच्या सोमवारी मी त्या ऑपरेटरलाच बैठकीत बोलावले आणि हे त्यानेच मांडले. दुसऱ्या पाळीतही दर दोन तासांनी ओल मोजणे सुरू झाले. दोन महिन्यांत बाद नग शंभरात चारवर आले.

माझ्या मसुद्यात यावर एकच वाक्य आहे. बाकी सगळे माझ्या स्वभावाविषयी आहे.

चार्ल्सकाठ:
मग मसुदा उलटा करा. हीट नंबर आणि पाळी यांचा मेळ बसला तिथून सुरुवात होऊ द्या, कारण तो मेळ फक्त ऐकणाऱ्यालाच दिसू शकत होता आणि वाचणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. साधारण १२० शब्द या प्रसंगाला द्या. त्यातही ओल, वाफ आणि पोकळ्या यांचे स्पष्टीकरण एका वाक्यात संपवा, कारण समितीला वाळू शिकायची नाही. ऑपरेटर बैठकीत काय बोलला आणि त्यानंतर त्याचे स्थान कसे बदलले, याला साठेक शब्द हवेत. प्रश्नातील ‘इतरांना काय देता’ या भागाचे उत्तर तिथे आहे आणि बहुतेक अर्जदार नेमके तेच विसरतात. लिहून झाल्यावर मसुद्यातून ‘शांत’, ‘अंतर्मुख’ आणि ‘ऐकणे’ हे शब्द खोडून पाहा. तरीही तुम्ही कशा आहात हे कळत असेल, तर निबंध जमला. शब्द खोडताच माणूसही नाहीसा होत असेल, तर निबंधात केवळ दावा होता.

आणखी एक गोष्ट अर्जदारांच्या ध्यानात येत नाही. या संस्थेच्या शिफारसपत्रात वरिष्ठांना असे विचारले जाते की तुम्ही या व्यक्तीला सर्वांत महत्त्वाची कोणती सुधारणा सुचवलीत आणि तिने त्यावर काय केले. अबोल माणसाचा वरिष्ठ तिथे बहुधा ‘बैठकीत अधिक बोलायला हवे’ असेच लिहितो. निबंधात तुम्ही ज्याला बलस्थान म्हणता, त्यालाच पत्रात उणीव म्हटलेले असेल, तर समिती पत्रावर विश्वास ठेवते. म्हणून वरिष्ठांना आजच भेटा आणि हाच प्रसंग त्यांना कसा आठवतो ते ऐका. त्यांच्या तोंडी शब्द मात्र घालू नका.

सडेतोड:
प्रसंग चांगला आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही माझी शंका दूर झाली नाही, उलट नेमकी झाली आहे. ऑपरेटरला बोलू देणे हे नेतृत्व होते की स्वतः बोलण्याची भीती होती? तीन आठवडे आपण टिपत होतात, तेवढ्या काळात नग बाद होतच होते. एखाद्या कणखर व्यवस्थापकाने पहिल्याच सोमवारी हीट नंबर मागितले असते. मुलाखतीला बोलावले, तर समोरची व्यक्ती अर्ज बारकाईने वाचून बसलेली असते आणि अर्ध्या तासात हा प्रश्न येऊ शकतो.

पंचगंगाकाठ:
आपला प्रश्न मला लागला, कारण तो खरा आहे. निम्मे कारण भीती हेच होते. उरलेले निम्मे असे की, गुणवत्ता विभागातून मी ते सांगितले असते तर तो माझा आरोप ठरला असता आणि साचे विभागाने ओल मोजण्याऐवजी माझे म्हणणे खोडण्यात आणखी चार सोमवार घालवले असते. वीस वर्षे वाळू हाताळणाऱ्या माणसाने ‘मी अंदाजाने पाणी घालतो’ असे स्वतः म्हटल्यावर वाद उरला नाही. मात्र तसे म्हणणे त्याच्यासाठी धोक्याचे होते. म्हणून मी आदल्या दिवशी विभागप्रमुखांकडून शब्द घेतला होता की त्याच्यावर कारवाई होणार नाही. पहिले तीन आठवडे वाया गेले का, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

चार्ल्सकाठ:
आदल्या दिवशी घेतलेला तो शब्द मसुद्यात आहे का? नसेल, तर तो आला पाहिजे. भीतीने मागे राहणारा माणूस दुसऱ्याला पुढे करतो, पण त्याच्यासाठी आधी जाऊन संरक्षण मागत नाही. सडेतोड यांच्या शंकेचे बरेचसे उत्तर त्या एका वाक्यात आहे.

छात्र१९:
सैन्यातील अधिकाऱ्यांच्या निवडीत मी गटचर्चेत मागे पडलो होतो. परीक्षकाला जे दिसते त्यालाच तो गुण देऊ शकतो, हे मला तिथे कळले आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. ताईंनी निदान एकदा तरी स्वतः ठामपणे बोलल्याचा प्रसंग द्यावा. नाहीतर वाचणारा असे समजेल की यांना दुसरे काही जमतच नाही.

चार्ल्सकाठ:
गटचर्चेत जे दिसते तेवढेच मोजले जाते, तर निबंधात न दिसणारे काम दाखवता येते. त्यामुळे तो अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही. शेवटची सूचना मात्र मला पटते.

पंचगंगाकाठ:
असा एक प्रसंग आहे. गेल्या वर्षी ग्राहकाकडे जाणारा एक लॉट मी अडवला होता. उत्पादन प्रमुख सर्वांसमोर सही मागत होते, त्या वेळी दुसरे कोणी बोलणार नव्हते आणि मी नाही म्हटले. लॉट पुन्हा तपासला, तेव्हा त्यात अकरा नग सदोष निघाले. पण हा प्रसंग घातला तर ऑपरेटरचे साठ शब्द कापावे लागतात.

सडेतोड:
ते कापावेत. नकार देणारी व्यक्ती वर्गात बोलेल, याची समितीला खात्री पटेल.

चार्ल्सकाठ:
माझे मत वेगळे आहे. ऑपरेटर राहू द्या आणि लॉटचा प्रसंग शिफारसपत्रासाठी ठेवा. वरिष्ठांनी ‘अधिक बोला’ असे सुचवले असेल, तर त्यानंतर आपण काय केले याचे उत्तर तोच प्रसंग देतो. अर्थात, तो त्यांना आठवला पाहिजे आणि त्यांनी तो लिहिला पाहिजे.

पंचगंगाकाठ:
त्या दिवशी ते वरिष्ठ रजेवर होते. उद्या त्यांना भेटून हा प्रसंग त्यांच्या कानावर आला आहे का, हे विचारते. तोवर दोन्ही मसुदे लिहून ठेवते.